मामंजींची पेटी कितीला द्यायची?

*"आमच्या मामंजींना जाऊन वर्ष झालं. त्यांची पेटी आणि तबला-डग्गा माळ्यावर पडून आहे. पेटी २००९ ला नऊ हजारांना घेतलेली, ४२ पट्ट्यांची, दोन सुरांची, कपलरवाली. जुनं सामान घेणारा चार हजार म्हणाला. दीर म्हणतात, पंधराच्या खाली द्यायची नाही. गल्लीतलं भजनी मंडळ घ्यायला तयार आहे, पण ते म्हणतात, 'वहिनी, आकडा तुम्हीच सांगा.' दुकानात तशीच नवी पेटी २२ हजारांना सांगितली. आमच्या पेटीत एक सूर खरखरतो आणि एक पट्टी सोडली तरी वाजतच राहते. डग्गा तांब्याचा आहे म्हणे. काय सांगू त्यांना?" — एक सून, साखर पेठ, सोलापूर*

ताई, नऊ हजार हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. मंडळाला मामंजींनी काय मोजलं याच्याशी काही घेणं नाही. तुमची पेटी नाही घेतली तर दुकानात किती पडतील, एवढंच ते बघणार. तेव्हा सुरुवात आजच्या नव्या पेटीपासून. फक्त २२ हजार ही सांगायची किंमत झाली, द्यायची नव्हे. परत एकदा जा, सोबत पेटी वाजवणारं कुणी असेल तर न्या आणि घ्यायचीच आहे अशा बेताने विचारा. ४२ पट्ट्या, दोन सूर, कपलर हे सगळं सारखं आहे ना? सूर खर्ज-नर, म्हणजे एक जाड आणि एक मध्यम आवाजाचा, असे आहेत की दोन्ही नरच? लाकूड सागवान की साधं? गवसणी त्यातच की वेगळी? अशी चौकशी केली की आकडा हजार-दीड हजाराने खाली येतो. आपण साडेवीस हजार धरू, गवसणीसकट.

आता यातले किती तुमचे? माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की जुनी पण धडधाकट पेटी, म्हणजे आज समोर बसून लगेच वाजवता येईल अशी, नव्याच्या साठ टक्क्यांना जाते. दुकानाचा उंबरा ओलांडला की चाळीस टक्के गेले, मग ती दोन वर्षांची असो की पंधरा. गाडीसारखं दरवर्षी पाच-दहा टक्के कापत बसू नका. पेटी वयाने मरत नाही. पंधरा वर्षं रोज वाजलेली पेटी पंधरा वर्षं माळ्यावर पडलेल्या पेटीपेक्षा बरी निघते. आपल्याकडे वैशाखात माळा भट्टीसारखा तापतो, लाकूड आकसतं, सांधे उघडतात, आणि पावसाळा लागला की तेच लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. तुमची एकच वर्ष वर होती, ठीक आहे. पण आजच खाली काढा.

साडेवीसचे साठ टक्के म्हणजे बारा हजार तीनशे. हा आकडा पेटी धडधाकट असेल तरचा. ती तशी आहे का, हे बघायचं राहिलं, आणि सगळं गणित तिथेच फिरतं.

तुम्ही लिहिलेले दोन्ही दोष ऐकायला वाईट आहेत, पण स्वस्तातले आहेत. खरखरणाऱ्या सुरात बहुतेक वेळा कचऱ्याचा कण असतो. सूर म्हणजे पितळेच्या जाड तुकड्यातली एक फट आणि त्या फटीत हलणारी पितळेचीच पातळ जीभ. या दोघींमधलं अंतर केसाएवढं, त्यामुळे माळ्यावरची धूळ किंवा गवसणीचा धागा त्यात बसला की जीभ घासते. कारागीर पातळ कागद फटीतून सरकवतो, काम झालं. सोडली तरी वाजत राहणारी पट्टी म्हणजे पट्टीमागची गादी भोकावर नीट बसत नाही. स्प्रिंग ढिली झाली असेल, पट्टी शेजारणीला घासत असेल, नाहीतर गादीची बनात कसरीने खाल्ली असेल. पहिली दोन कारणं असतील तर चहा पिईपर्यंत दुरुस्त होतं. कसर असेल तर मात्र एका पट्टीवर थांबलेली नसते, सगळ्या गाद्या बघाव्या लागतात.

जुनं सामान घेणाऱ्याने हेच दोन दोष दाखवून चार हजार म्हटलं असणार. त्याचं काही चुकलं नाही, तो त्याचा धंदा करतो. तुम्ही मात्र त्याने दाखवलं नाही ते बघा.

आधी वारा. घरी करता येतं, पेटी उघडावी लागत नाही. पुढचे सगळे खटके आत ढकला, म्हणजे सुरांकडे जायची वाट बंद. भाता चार-पाच वेळा हलवून वारा भरा आणि हात काढून घ्या. भाता दाबला गेल्यावर तो बोटाला ताठ लागला पाहिजे आणि वारा आतच राहिला पाहिजे. बाहेरचा भाता लगेच ढिला पडला, आत सुस्कारा ऐकू आला, तर भात्याच्या घड्यांचे कोपरे किंवा आतल्या झडपेचं चामडं गेलंय. हे नीट असेल तर आता दोन खटके ओढा, एकही पट्टी दाबू नका आणि परत वारा भरा. बंद खटक्यांना टिकलेला वारा आता भराभर उतरला, तर भाता चांगला आहे आणि गळती पट्ट्यांमागच्या गाद्यांतून आहे. शेवटी एकच खटका ओढून मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबून ठेवा, भाता सोडा आणि सेकंद मोजा. १५-२० सेकंद सूर टिकला तर मी त्या पेटीला मान देतो. सात-आठात मान टाकली तर वाजवणाऱ्याचा डावा हात दुखणार, आणि तेवढे पैसे तो कापणारच. भात्याचे कोपरे चिकटवणं हे मध्यम काम, सगळ्या गाद्या बदलणं हे त्याहून मोठं.

वारा पैशाने भरून निघतो. सूर झिजले असतील तर ते निघत नाही, म्हणून तिथे जरा थांबू.

पेटी जुळवतात ती जीभ खरवडून. टोकाशी खरवडलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी खरवडलं की तिथला जोर कमी होतो आणि सूर उतरतो. म्हणजे वर न्या की खाली, पितळ कमीच होणार, गेलेलं परत येत नाही. शहाणा कारागीर धूळ काढून, जीभ किंचित सरळ करून, अगदी कमी खरवडून जुळवतो. घाईतला कानस चालवतो. अशा तीन-चार जुळण्या झाल्या की मुळाशी जीभ कागदासारखी होते, तरी वाजते गोडच, आणि एक दिवस भजनात मध्यावर तुटते.

मला हे फुकट कळलेलं नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथल्याच एका विक्रेत्याकडून मी जुनी पेटी घेतली. "काल जुळवलीय मास्तर, बघा," म्हणाला. मी बघितली कुठे, ऐकली. लोण्यासारखी होती. गणपतीत एक सूर गेला, नवरात्रात दोन. उघडली तर आतल्या मळकट, तपकिरी पडलेल्या पितळेवर प्रत्येक जिभेच्या मुळाशी पिवळेधमक ओरखडे, एकावर एक, उभे-आडवे. ताजी जुळणी मी गुण समजलो होतो, खरं तर ती दुखणं झाकायला केलेली होती. तेव्हापासून कोणी "नुकतीच जुळवलीय" म्हटलं की मी आधी पेचकस मागतो.

तुम्हीही तेच करा, पण स्वतः नको. पेटी दुरुस्त करणाऱ्याला समोर बसून उघडायला सांगा. पट्ट्यांसकट सूरपाटी वर उचलली की खाली सुरांच्या रांगा दिसतात. ४२ पट्ट्या आणि दोन सूर म्हणजे ८४ जिभा. मोबाइलचा दिवा लावून फोटो काढून घ्या. पितळेचा रंग सगळीकडे सारखा मळका असेल, टोकाशी हलक्या दोन-चार रेघा असतील, तर सूर मूळचे आणि शाबूत. मामंजी ज्या पट्टीत गात तिथले मधल्या सप्तकातले सूर जास्त वापरलेले असणार, ते आधी बघा. एखादी जीभ बाकीच्यांपेक्षा चकचकीत नवी दिसली तर ती बदललेली आहे. एक-दोन बदललेल्यांनी काही बिघडत नाही, फक्त विकताना सांगून टाका.

उघडण्याआधी मोबाइलवर ट्यूनर लावून एकेक पट्टी, एकेक खटक्यावर तपासा. ट्यूनर सेंट दाखवतो, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. सगळेच सूर सारखे सात-आठ सेंट खाली असतील तर पेटी नुसती उतरली आहे, एकटी वाजवताना कळणारही नाही. पण बाकी सगळे जागेवर आणि एकच सूर २५-३० सेंट घसरलेला असेल तर जीव सांभाळा. जीभ मुळाशी तडकायला लागली की तुटायच्या आधी अशीच उतरते. तो सूर परत जुळवून काही उपयोग नाही, बदलावाच लागतो.

आणि "आतले सूर जर्मन आहेत" असं कोणी सांगितलं तर त्याचे पैसे लावू नका, मागूही नका. एकेकाळी पॅरिसच्या कासरियल या पेटी बनवणाऱ्यांचे सूर आपल्याकडच्या पेट्यांत बसत, त्यांना आजही गिऱ्हाईक आहे. पण २००९ ला नऊ हजारांत आलेल्या पेटीत ते असायचं कारण नाही. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर नावाजलेले आहेत. सूरपाटीवर किंवा पितळेवर तसा छाप असेल तर फोटोत घ्या, मंडळातल्या पेटीवाल्याला त्याची किंमत कळेल.

कपलरही ओढून बघा. एक पट्टी दाबल्यावर तिची शेजारच्या सप्तकातली जोडीदारीण आपोआप खाली गेली पाहिजे, सगळीकडे. मध्येच दोन-तीन जात नसतील तर तारा वाकल्या आहेत. बिघडलेला कपलर मी मोजतच नाही, म्हणजे नव्या पेटीचा भाव बिगर-कपलरचा धरतो. भजनात तो फारसा कुणी ओढतही नाही.

चला, आकडा लावू. धरून चाला की सूर शाबूत निघाले, भात्याचा एक कोपरा गळतोय, गाद्यांपैकी दहा-बारा कसरीने खाल्ल्या आहेत आणि एक सूर बदलायचा आहे. कारागिराने सगळं मिळून २,६०० सांगितले. बारा हजार तीनशेतून ते पूर्ण वजा करा, अर्धे नाही. कारण ते घेणाऱ्याच्या खिशातून जाणार आहेत. राहिले ९,७००. पेटी उचलून न्या, कारागिराकडे ठेवा, चार फेऱ्या मारा, या त्रासाचे मी पाचशे-सातशे आणखी सोडतो. म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. मंडळाला दहा सांगा, नऊला द्या, साडेआठच्या खाली उतरू नका. हा आकडा मामंजींनी मोजलेल्या नऊ हजारांशी जुळला तो योगायोग, दिरांना हे मुद्दाम सांगा, नाहीतर ते म्हणतील, "म्हणजे वाढ काहीच नाही?"

सूर खरवडून झिजलेले निघाले तर मात्र साठ टक्के विसरायचे. तेव्हा तुम्ही विकताय ते लाकूड, भाता आणि पट्ट्या. नव्याच्या पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत मी जाईन, म्हणजे पाच-सहा हजार, आणि त्यातून भात्याचा आणि गाद्यांचा खर्च परत वजा. बघा, जुन्या सामानवाल्याचे चार हजार तेव्हा इतके वाईट वाटणार नाहीत. दिरांचे पंधरा कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. पंधरात थोडे घालून माणूस नवी घेईल.

दुरुस्त करून विकायची का? अर्धी. कचरा काढणं, वाजत राहणारी पट्टी, भात्याचा कोपरा, एवढं करून घ्या, आणि त्या कामाचे पैसे मग वजा करू नका. पहिल्या दहा सेकंदांत ज्याच्या हाताला गळती लागते तो पुढे काही ऐकत नाही. पूर्ण जुळणी मात्र करू नका. मंडळाला आपल्या बासरीवाल्याशी किंवा दुसऱ्या पेटीशी जुळवून घ्यायची असेल, ते परत खरवडणार. शिवाय ताज्या ओरखड्यांवर माझ्यासारखे म्हातारे संशय घेतात. पॉलिश तर मुळीच नको. हजार-दीड हजार त्यात जातात, भाव तीनशेनेही वाढत नाही. ओलं फडकं घट्ट पिळून बाहेरून पुसा, बस.

सोबतच्या वस्तूंचं सोपं आहे. जी वस्तू घेणाऱ्याला नाहीतर विकत घ्यावी लागली असती तिचे निम्मे पैसे धरा. आपण नव्याचा भाव गवसणीसकट धरला होता, तेव्हा तुमची गवसणी फाटकी असेल तर दोन-तीनशे कमी करा, धड असेल तर वेगळं काही मागू नका. कुलपाचा लाकडी खोका असेल तर त्याचे वेगळे मागा. दिंडीवाल्यांनी विचारलं तर मात्र खोका, कपलर, दोन सूर हे सगळं त्यांना ओझंच आहे. गळ्यात पट्टा अडकवून पंढरपूरपर्यंत चालायचं तर लहान, हलकी पेटी लागते. त्यांच्याकडून चांगला भाव येणार नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

तबला-डग्ग्याला उलटं चालतं. पेटीत सूर जपायचे, तबल्यात पुडी ही बदलायचीच वस्तू. कातडं, शाई, चाट झिजणार, फाटणार, नवी पुडी येणार. टिकतं ते तबल्याचं खोड आणि डग्ग्याचं भांडं, पैसेही त्यांचेच. शाईवर बारीक भेगांचं जाळं दिसलं तर घाबरू नका, ते असावंच लागतं, त्यावरच ती हलते. शाईचा तुकडा उडाला असेल, बोट टेकवल्यावर काळी भुकटी येत असेल, थापेला चरचर येत असेल, तर पुडी गेली. गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची कातड्याची वेणी, ठोकून ठोकून फार खाली बसला असेल तरी गेली, कारण आता चढवायला जागा नाही. एक वर्ष माळ्यावर राहिल्यावर दोन्ही पुड्या गेल्याच आहेत असं धरून चाला. दोन नव्या पुड्या चढवण्याचा खर्च वादीसकट विचारा आणि नव्या जोडीच्या साठ टक्क्यांतून तो कापा. खोडाला वरपासून खाली तडा असेल तर साठाचे वीस करा. पुडी उतरवल्यावर काठावर टॉर्च मारली की तडा दिसतो. पुडी चढलेली असताना तो गजऱ्याखाली लपतो.

डग्गा तांब्याचा "म्हणे" आहे ना? फ्रिजवरचा लोहचुंबक आणा आणि पोटाला लावा. चिकटला तर वर तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड. नाही चिकटला तर तळाशी, जिथे वादी घासून मुलामा उडालेला असतो, तिथे रंग बघा. लालसर तर तांबं, पिवळा तर पितळ, पांढरा दिसला तर ॲल्युमिनियम, त्याला चुंबक लागत नाही म्हणून फसू नका. मग वजनकाट्यावर ठेवा. तांब्या-पितळेच्या डग्ग्याला तळाचा भाव आपोआप असतो, कारण भंगारवालाही किलोवर पैसे देतो. त्याच्या खाली कोणी मागितला तर बोलणं तिथेच थांबवा. चुंबळी आणि हातोडी जोडीबरोबर देऊन टाका, त्याचे काय मागायचे.

मंडळाला एखाद्या गुरुवारी घरी बोलवा आणि पेटी उघडायच्या वेळी काढलेले फोटो समोर ठेवा. त्यांच्या पेटीवाल्याला अर्धा तास वाजवू द्या, घाई करू नका. तो भाता सोडून मनातल्या मनात सेकंद मोजताना दिसला तर समजा, गिऱ्हाईक जाणकार आहे, मग दहावरून थेट नऊवर या. कुठला सूर बदलला, कुठला कोपरा चिकटवला ते एका कागदावर लिहून पेटीसोबत द्या. आणि गवसणीचा खिसा रिकामा करून बघा. वाजवणारी माणसं त्यात चष्मा, भजनाची वही, क्वचित नोटाही ठेवतात.